सप्टेंबरमध्ये बदललेलं काम, मार्चमध्ये उघडलेली गोल शीट

३ सप्टेंबर २०२५च्या रात्री दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक संपली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू होणार असल्याचं जाहीर झालं. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले. तूप-लोणी १२वरून ५वर, साबण-शाम्पू-टूथपेस्ट १८वरून ५वर, सिमेंट आणि एसी २८वरून १८वर. घरोघरी बोलणं झालं ते काय काय स्वस्त होणार याचं. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी मात्र आधी कॅलेंडर पाहिलं असणार. हातात अठरा दिवस, आणि त्यातच अनंत चतुर्दशी. महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या ठिकाणी अशी कामं करणाऱ्या छोट्या टीम असतात. दुसऱ्या दिवशी घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनवरून रिक्षाने ऑफिसला पोचलेल्या माणसाच्या कानावर पहिलं वाक्य काय पडलं असेल, हे मी न ऐकताही सांगू शकतो: ‘हातातलं सगळं थांबव, आधी जीएसटी बघ.’

असं काम लोक करतात, रात्री जागून करतात आणि बहुतेक वेळा चांगलं करतात. अडचण मार्चमध्ये येते. तेव्हा उघडायची गोल शीट एप्रिलची असते आणि तिच्यात सप्टेंबरचा एक शब्दही नसतो. मग ‘बारापैकी नऊच ग्राहक झाले’ असं म्हणून रेटिंग खाली येतं, नाहीतर ‘यंदा सगळंच वेगळं होतं’ असं म्हणून सगळ्यांना सारखंच मधलं रेटिंग दिलं जातं. पहिल्यात राबलेल्या माणसावर अन्याय होतो. दुसऱ्यातही होतो, फक्त तो दिसत नाही.

यावरचा उपाय सप्टेंबरमध्ये करायचा नसतो, एप्रिलमध्ये करायचा असतो. गोल लिहिताना आपण काय करणार हे जितकं नेमकं लिहितो, तितकंच नेमकं हेही लिहायचं की कशामुळे तो बदलेल, कोण बदलेल आणि बदलला तर हिशोब कसा होईल. लवचीकपणा म्हणजे शब्द सैल ठेवणं नव्हे. सैल शब्दांचा फायदा शेवटी ज्याच्या हातात रेटिंग असतं त्यालाच होतो. हे सगळं एका नमुन्यावर शेवटपर्यंत तपासून पाहू. नमुना माझा आहे, आकडेही माझेच आहेत. तारखा आणि जीएसटीचे दर तेवढे खरे.

समजा, अशाच एका टीममध्ये एक सीनियर सपोर्ट इंजिनिअर आहे. तिच्याकडे ४० ग्राहक आहेत, बहुतेक वितरक आणि घाऊक व्यापारी. एप्रिल २०२५मध्ये तिच्या गोल शीटवर चार गोल होते. स्टॉकचं नवं मॉड्यूल ग्राहकांकडे चालू करणं, वेटेज ४०. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी कमी करणं, ३०. दोन ज्युनिअरना तयार करणं, २०. आणि स्वतःचं शिक्षण, १०.

पहिला गोल एरवी कसा लिहिला जातो? ‘नवीन स्टॉक मॉड्यूल यशस्वीरीत्या राबवणे.’ यावर मार्चमध्ये दोघांचं कधीच एकमत होणार नाही, कारण ‘यशस्वीरीत्या’ म्हणजे काय हे कुणीच ठरवलेलं नाही. हे टाळायला निघालेली मंडळी दुसऱ्या टोकाला जातात: ‘३१ मार्चपर्यंत १२ ग्राहकांकडे मॉड्यूल राबवणे.’ आकडा आला, तारीख आली, एचआरच्या तपासणीतही बसलं. पण हा गोल सप्टेंबरच्या पहिल्या धक्क्याला मोडतो. मी तो असा लिहीन:

‘ग्राहकांच्या महिनाअखेरच्या स्टॉकमधला फरक मिटावा यासाठी ३१ मार्च २०२६पर्यंत स्टॉकचं नवं मॉड्यूल माझ्याकडच्या १२ ग्राहकांकडे चालू करीन, दर महिन्याला साधारण एक. चालू म्हणजे ग्राहकाने सलग १० कामाचे दिवस स्वतः नोंदी केल्या आणि ईमेलवर होकार दिला. कंपनीने मला सलग १५ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या कामावर लावलं, तर त्या काळातल्या प्रत्येक महिन्यामागे एक ग्राहक कमी धरला जाईल. असा बदल माझ्या टीम लीड पाच कामाच्या दिवसांत लेखी नोंदवतील.’

लांब वाटेल, पण यातला एकही भाग काढता येत नाही. सुरुवातीला आहे ते ‘कशासाठी’. उद्या कंपनीने हे मॉड्यूलच बंद केलं तरी ग्राहकाच्या स्टॉकमधला फरक तिथेच राहतो. मग गोल मरत नाही, वाट बदलते. अर्थात स्टॉकमधल्या फरकाचा आकडा थेट तिच्या गळ्यात मी बांधणार नाही. ग्राहकाच्या गोदामातला माणूस नोंदच करत नसेल तर ती काय करणार? म्हणून फरक मिटणं हे कारण म्हणून लिहिलंय आणि मोजलंय ते तिच्या हातातलं काम. दुसऱ्या वाक्यात ‘चालू’ची व्याख्या आहे. या ऑफिसांत सर्वांत जास्त भांडणं याच एका शब्दावरून होतात, कारण इंजिनिअरच्या लेखी इन्स्टॉल झालं की चालू आणि ग्राहकाच्या लेखी पहिलं महिनाअखेर पार पडलं की चालू.

तिसऱ्या वाक्यातले १५ दिवस मुद्दाम घातलेत. तीन-चार दिवसांची धावपळ प्रत्येक महिन्यात असते. ती गृहीत धरूनच महिन्याला एक हा वेग ठरलेला असतो. प्रत्येक तातडीच्या फोनला गोल बदलायचा ठरवला, तर वर्षाअखेरीस गोल उरणारच नाही. उंबरठा हवा, आणि तो आधी ठरलेला हवा. तुमचं काम मोठ्या प्रोजेक्टचं असेल तर तो एक महिन्याचाही असू शकतो.

शेवटचं वाक्य बदल कोण लिहून ठेवणार याबद्दल आहे. ‘स्मार्ट’ गोलची आद्याक्षरं आज प्रत्येक ट्रेनिंगमध्ये शिकवतात. जॉर्ज डोरन यांनी १९८१च्या लेखात ती मांडली तेव्हा त्यातलं ‘ए’ हे ‘साध्य होण्याजोगं’ यासाठी नव्हतं, काम कोणावर सोपवलंय यासाठी होतं. नंतर त्याचा अर्थ बदलला. वर्षाच्या मध्ये सगळं हलतं तेव्हा मला डोरन यांचा जुना अर्थ जास्त उपयोगी वाटतो. काम साध्य होईल की नाही याचा अंदाज चुकू शकतो, पण बदल लिहून ठेवण्याची जबाबदारी कुणाची होती यात चूक होऊन चालत नाही.

आता सप्टेंबरकडे येऊ. ३१ ऑगस्टला पाच महिने पूर्ण झाले होते. ठरल्याप्रमाणे पाच ग्राहक व्हायला हवे होते, झाले होते चार. पाचव्याकडे जुना डेटा नव्या मॉड्यूलमध्ये घेण्याचं काम चालू होतं. टीम लीडने तिला सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने जीएसटीच्या कामावर लावलं, कारण दर २२ तारखेला बदलले तरी त्यानंतर दिवाळीची विक्री होती आणि चुकीची बिलं तेव्हाच उघडी पडणार होती.

पहिलं काम म्हणजे जुन्या गोलची त्या दिवशीची स्थिती नोंदवणं: ‘५पैकी ४ पूर्ण, पाचव्याकडे डेटा भरणं चालू.’ हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर मार्चमध्ये कुणालाच आठवत नाही. दुसरं, नवा आकडा. बारा महिन्यांतले दोन गेले, म्हणून १२चे १० झाले. इथे एक मोह होतो. ती आधीच एक ग्राहक मागे होती. ‘एवीतेवी बदलतोच आहोत तर ९ करून टाकू’ असं टीम लीडला वाटू शकतं. ते करू नये. आकडा कमी झाला तो दोन महिने हे काम बंद होतं म्हणून, ती मागे पडली होती म्हणून नव्हे. उरलेल्या पाच महिन्यांत तिला सहा ग्राहक करायचे आहेत. आधीची एकाची तूट तिच्याकडेच राहते. हे कठोर नाही. असं केलं तरच बदललेल्या आकड्यावर इतरांचा विश्वास बसतो.

तिसरं, नव्या कामाचा स्वतःचा गोल. घाईत हाच राहून जातो. दोन महिन्यांचं काम म्हणून ते ‘टीमला मदत केली’ एवढ्या एका ओळीत गाडलं जातं. थोडक्या दिवसांचा गोल उलट जास्त मोजता येतो. तिचा असा होता: ‘२२ सप्टेंबरच्या पहिल्या बिलापासून माझ्या ४० ग्राहकांच्या बिलांवर योग्य दर लागेल. त्याआधी प्रत्येकाकडे तीन चाचणी बिलं काढून पाहीन: एक दर बदललेल्या मालाचं, एक दर न बदललेल्या मालाचं, एक जुन्या बिलावरचा माल परत आल्याचं. ३१ ऑक्टोबरपर्यंत चुकीच्या दराची तक्रार दोनपेक्षा जास्त ग्राहकांकडून येणार नाही.’

तिसरी चाचणी या कामाचं मर्म आहे. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेला शाम्पू ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली पाहिजे. ज्याने घाईत जुना दर खोडून त्या जागी नवा लिहिला, त्याची रोजची बिलं २२ तारखेला बरोबर दिसतील आणि पहिला माल परत आला की हिशोब चुकेल. दर तारखेनुसार साठवायला हवा. काम जाणणाऱ्याने गोल लिहिला तर अशी नेमकी जागा त्यात येते. फॉर्म भरायचा म्हणून लिहिला तर ‘जीएसटी बदल वेळेत पूर्ण करणे’ एवढंच येतं, आणि चुकीचं काम केलेला माणूसही त्यावर पूर्ण गुण घेऊन जातो.

मग वेटेज. बेरीज शंभरच राहिली पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चार गोलांना पाचवा जोडला जातो आणि आधीच्या चारांतलं काहीच कमी होत नाही. कागदावर शंभर, प्रत्यक्षात एकशे वीस. आपल्या नमुन्यात बारापैकी दोन महिने पूर्ण वेळ, म्हणजे शंभरापैकी सुमारे १७. मी ते २० धरीन, कारण कंपनीनेच त्या दोन महिन्यांत याहून महत्त्वाचं काही नाही असं सांगितलं होतं. हे २० कुठून आणायचे? मॉड्यूलचं ४०चं ३०, तक्रारींचं ३०चं २५, ज्युनिअरचं २०चं १५. शिक्षणाचे १० तसेच. कुणी म्हणेल, सगळे २० मॉड्यूलमधूनच का काढले नाहीत? कारण त्या दोन महिन्यांत ज्युनिअरना शिकवणंही बंद होतं आणि तक्रारींच्या मुळाशी जायलाही वेळ नव्हता. जिथून खरोखर वेळ गेला, तिथूनच वेटेज जायला हवं.

वेटेज कमी झालं तरी तक्रारींच्या गोलचा आकडा मात्र बदलावा लागला नाही. तो एप्रिलमध्येच नीट निवडलेला होता. ‘तक्रारी २०ने कमी करणे’ असं लिहिलं असतं तर सप्टेंबरमध्ये आलेल्या फोनच्या पुरात तो वाहून गेला असता. तिने लिहिलं होतं: ‘बंद केलेल्या १०० तक्रारींपैकी त्याच कारणाने १५ दिवसांत पुन्हा आलेल्या सध्या १८ आहेत. जानेवारी ते मार्च या तिमाहीत त्या १० किंवा कमी असतील.’ एक तर हे प्रमाण आहे, म्हणून तक्रारी दुप्पट झाल्या तरी मोजमाप टिकतं. शिवाय मोजायची तिमाही शेवटची आहे, म्हणून मधला गोंधळ त्यात येत नाही. मोजमाप विचारपूर्वक निवडलं तर अर्धी लवचीकता तिथेच मिळते, वेगळी अट लिहावी लागत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यांत कमी वापरला जाणारा मार्ग हाच आहे. लोक बदलाच्या अटी लिहायला शिकतात, पण मोजमाप तेच जुनं ठेवतात.

या मोजमापातही एक पळवाट आहे, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. तक्रार उघडीच ठेवली तर ती ‘पुन्हा आलेली’ ठरत नाही. म्हणून शेजारी दुसरा आकडा लागतो: सात दिवसांपेक्षा जुन्या उघड्या तक्रारी किती. पहिला सुधारला आणि दुसरा बिघडला, तर सुधारणा खरी नाही. या दुसऱ्या आकड्याला वेटेज द्यायची गरज नाही, फक्त तो नजरेसमोर ठेवायचा.

काही गोल मात्र कुठल्याही बदलात हलवायचे नसतात. ग्राहकाचा डेटा बदलण्याआधी बॅकअप घेणं, पासवर्ड कुणाला न देणं, आणि महापेच्या टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांत सुरक्षेचे नियम. अशांना वेटेजही देऊ नये. ती अट आहे, पाळलीच पाहिजे. घाईच्या काळात नेमक्या याच गोष्टी सुटतात, म्हणून एप्रिलमध्येच ‘हे बदलणार नाही’ असं वेगळं लिहिलेलं बरं.

बदल प्रामाणिक आहे की नाही हे ओळखायला मी एकच गोष्ट पाहतो: तारीख. ४ किंवा ८ सप्टेंबरला १२चे १० केले तेव्हा किती होतील हे कुणालाच माहीत नव्हतं. तोच बदल २० फेब्रुवारीला केला, नऊ झालेले दिसत असताना, तर तो गोल बदलणं नव्हे, निकाल बदलणं आहे. एका टीममध्ये मी हे फार जवळून पाहिलं आहे. शेवटच्या महिन्यात तिघांचे गोल त्यांनी जे केलं होतं त्याला जुळवून लिहिले गेले आणि ज्या चौथ्याने मूळ गोल निम्म्याहून जास्त पार पाडला होता तो सगळ्यांच्या मागे दिसला. त्याने दोन महिन्यांत नोकरी सोडली. तेव्हापासून मी शेवटच्या तिमाहीत गोल बदलू देत नाही. तेव्हा काही खरोखर बदललंच, तर गोल तसाच ठेवून शेऱ्यात कारण लिहायचं.

आता अडचण सिस्टीमची. पुष्कळ कंपन्यांत मे संपेपर्यंत गोल शीट लॉक होते आणि ऑक्टोबरच्या मिड-इयर रिव्ह्यूशिवाय उघडत नाही. तोपर्यंत ईमेल पुरतं, फक्त त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. ते कर्मचाऱ्यानेच लिहावं. टीम लीडकडे आठ-दहा माणसं असतात, त्यामुळे गोलमध्ये जबाबदारी त्यांची लिहिलेली असली तरी मसुदा आपण द्यावा आणि त्यांनी ‘मान्य’ एवढं उत्तर द्यावं. चार वाक्यं लागतात. जुना गोल कुठवर आला. कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेपासून, कशासाठी थांबला. नवा गोल आणि त्याचं मोजमाप. बदललेले आकडे आणि वेटेज. गाऱ्हाणं त्यात नको, ‘मी खूप मेहनत करतेय’ हेही नको. मिड-इयरला शीट उघडली की हेच ईमेल तसंच्या तसं आत टाकायचं.

हे ईमेल मागताना लोक संकोचतात. ‘मॅडम, हे लिहून देता का?’ म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी म्हणावं, ‘मॅडम, आपण ठरवलं ते मी लिहून पाठवलंय, काही राहिलं असेल तर बघा.’ आणि तुम्ही स्वतः टीम लीड असाल तर कुणी मागायची वाट पाहू नका. ‘सगळं थांबव’ हे ज्या दिवशी तोंडातून निघालं, त्याच दिवशी विचारा, ‘तुझ्या शीटवरचं काय काय थांबतंय ते संध्याकाळपर्यंत मला पाठव.’ उत्तर वाचल्यावर कदाचित कळेल की सगळं थांबवायची गरजच नव्हती.

एवढं केल्यावर रेटिंग मनासारखं मिळेलच असं नाही. जिथे विभागानुसार रेटिंगचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, तिथे चांगली शीटसुद्धा वरच्या खोलीतल्या चर्चेत खाली येऊ शकते. पण त्या चर्चेत टीम लीड तिच्यासाठी बोलतील तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी असतं. आणि टीम लीड बदललेही असू शकतात. जानेवारीत टीमची फेररचना झाली, जुन्या मॅडम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या असं समजा. मार्चमध्ये नवे टीम लीड शीट उघडतात. सप्टेंबरमध्ये काय झालं हे त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांना दिसतं: मॉड्यूल १०पैकी ९. ८ सप्टेंबरचं ईमेल, खाली ‘मान्य’. जीएसटीच्या कामात ४० ग्राहकांकडे १२० चाचणी बिलं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत एका ग्राहकाची तक्रार. त्यांना विचारायला एकच प्रश्न उरतो, आणि तो तिला विचारण्यासारखाच आहे: दहावा ग्राहक कशामुळे राहिला?